मेंटेनन्स १,२०० वरून २,१५० का? सभासदांसाठी लिहिलेली नोटीस, जरा वाचून सांगा

विश्रामबागकर

नमस्कार मंडळी. सांगलीत विश्रामबागला आमची २४ फ्लॅटची सोसायटी आहे. खाली पार्किंग, वर चार मजले, एक लिफ्ट. बारा टू बीएचके, बारा वन बीएचके. यंदा सचिवपद माझ्या गळ्यात पडलंय. येत्या वार्षिक सभेत मेंटेनन्स वाढवायचा ठराव येणार आहे आणि व्हॉट्सॅप ग्रुपवर आत्तापासूनच "एवढे पैसे जातात कुठं?" सुरू झालंय. म्हणून बोर्डावर लावायला ही नोटीस लिहिली आहे. लावण्याआधी इथल्या जाणकारांनी नजर टाकावी.

*सर्व सभासदांस,*

*सध्या दर फ्लॅटमागे महिना १,२०० रुपये घेतले जातात, फ्लॅट लहान असो की मोठा. या पैशांत आज फक्त दोन गोष्टी भागतात, रोजचा सेवा खर्च आणि लिफ्ट. पाणीपट्टी आणि विम्याचा हप्ता आपण बिल्डरने सुरुवातीला एकरकमी घेतलेल्या ठेवीच्या व्याजातून भरत होतो. गेली काही वर्षं व्याज पुरत नाही, मुद्दलालाच हात घालावा लागतोय. इमारतीच्या दुरुस्तीसाठी आपण आजवर एक रुपयाही बाजूला ठेवलेला नाही.*

*सेवा खर्चात रात्रीच्या वॉचमनचा पगार ११,००० रुपये आहे. जिना आणि आवार झाडून कचरा घंटागाडीपर्यंत नेणाऱ्या मावशींना ४,५००. पाण्याची मोटार आणि जिन्यातले, पार्किंगमधले दिवे मिळून कॉमन मीटरचं बिल सरासरी ४,८००. हिशेब लिहिणे, ऑडिट फी, छपाई, बँकेचे चार्जेस आणि सभेचा चहा-भडंग धरून महिन्याला १,३००. एकूण २१,६००, म्हणजे फ्लॅटमागे ९००. हे सगळ्यांना सारखे.*

*लिफ्टच्या सर्व्हिसिंगचा वर्षाचा करार ४२,००० चा आहे, महिन्याला ३,५०० पडतात. लिफ्टच्या वेगळ्या मीटरचं बिल साधारण २,९००. वार्षिक तपासणी, बॅटरी बदलणे अशा करारात न बसणाऱ्या गोष्टींना ८०० धरले आहेत. एकूण ७,२००, फ्लॅटमागे ३००. हेही सगळ्यांना सारखे.*

*पाण्याचा खर्च, म्हणजे महापालिकेचं बिल, टाक्या धुणे आणि उन्हाळ्यात लागलाच तर टँकर, वर्षाची सरासरी काढून महिन्याला ३,६०० येतो. तो नळांच्या संख्येवर वाटला आहे. टू बीएचकेत ९ नळ, वन बीएचकेत ६, सगळे मिळून १८०. एका नळाला २० रुपये. म्हणून मोठ्या फ्लॅटला १८०, लहान फ्लॅटला १२०.*

*दुरुस्ती निधी फ्लॅटच्या बांधकाम खर्चाच्या वर्षाला पाऊण टक्का आणि सिंकिंग फंड पाव टक्का धरला आहे. इमारत बांधली तेव्हाचा खर्च चौरस फुटाला १,००० रुपये. ८४० फुटांच्या टू बीएचकेला दुरुस्ती निधी महिना ५२५ आणि सिंकिंग फंड १७५ येतो. ५७६ फुटांच्या वन बीएचकेला ३६० आणि १२०. विमा क्षेत्रफळावर वाटला तर अनुक्रमे ७० आणि ४८.*

*सगळं मिळून टू बीएचकेला महिना २,१५० आणि वन बीएचकेला १,८४८ रुपये होतात. घरपट्टी यात नाही. ती महापालिका प्रत्येक फ्लॅटला स्वतंत्र पाठवते आणि ज्याची त्यानेच भरायची आहे.*

*— सचिव*

रोखठोक

हिशेब उघड मांडलात हे बरं केलंत, आमचे सचिव नुसता आकडा सांगून मोकळे होतात. पण वाटणी चुकली आहे. मेंटेनन्स सरळ चौरस फुटावर घ्यायचा असतो, कायदाच आहे तसा. पुण्यात माझ्या मेहुण्याच्या बिल्डिंगला फुटावरच घेतात. वॉचमन मोठ्या घराचंही रक्षण करतो ना? मग मोठ्या घराने जास्त द्यावं. आणि हो, या सगळ्यावर १८ टक्के जीएसटी लागतो, तो कुठं धरलाय?

सुलभाकाकू

मी पहिल्या मजल्यावर राहते. गुडघे अजून बरे आहेत, मी लिफ्टनं जातच नाही. चौथ्या मजल्यावरची मुलं दिवसभर खालीवर करतात आणि मी ३०० रुपये द्यायचे? आमच्याही सोसायटीत हेच चाललंय. कुणीतरी नियम सांगा, पुढच्या सभेत मला बोलायचं आहे.

हिशेबनीस

मी बरीच वर्षं गृहनिर्माण संस्थांची ऑडिटं केली आहेत, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

काकू, आधी तुमचं. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत ६७ क्रमांकाचा उपविधी वाटणीचाच आहे. त्यात लिफ्टचा खर्च त्या इमारतीतल्या सर्व सभासदांनी सारखा द्यायचा, वापर करोत वा न करोत, असं स्पष्ट लिहिलेलं आहे. सभेत बोलायला हरकत नाही, पण वसुलीला विरोध टिकणार नाही. लिफ्टच्या करारातले पैसे फेऱ्यांच्या संख्येवर फारसे अवलंबून नसतात. महिन्याची सर्व्हिस, ग्रीस, ब्रेकचं सेटिंग हे मुलं खेळली नाहीत तरी करावंच लागतं.

रोखठोक, तुमचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. मेहुण्यांची इमारत सोसायटी आहे की अपार्टमेंट, हे विचारून घ्या. नोंदणीकृत सहकारी सोसायटी असेल तर सेवा खर्च सर्व फ्लॅटना सारखाच. वॉचमन, झाडलोट, कॉमन लाईट, ऑडिट या गोष्टी घराच्या आकाराप्रमाणे कमीजास्त होत नाहीत, हे त्यामागचं कारण. पण १९७० च्या अपार्टमेंट ओनरशिप कायद्याखाली डीड ऑफ डिक्लरेशन केलेली इमारत असेल तर तिथं प्रत्येकाचा अविभक्त हिस्सा टक्क्यांत लिहिलेला असतो आणि सगळा कॉमन खर्च त्याच टक्क्यांनी वाटतात. मग वॉचमनसुद्धा मोठ्या फ्लॅटला महाग पडतो. सांगली-मिरजेत दोन्ही प्रकारच्या इमारती शेजारी शेजारी आहेत आणि गेटवर दोन्हींच्या नावापुढे "अपार्टमेंट" रंगवलेलं असतं, त्यामुळे घोळ होतो. गेट बघून ठरवू नका, नोंदणीचा कागद बघा.

जीएसटीचं म्हणाल तर सभासदामागे महिन्याला ७,५०० रुपयांपर्यंतच्या वर्गणीला तो लागत नाही. इथं २,१५० आहे, तेव्हा तो विषय सोडून द्या.

विश्रामबागकर, तुमची वाटणी मला बरोबर वाटते. एकच सुचवतो. ज्या उपविधींवर वाटणी केली ते तुमच्या संस्थेने रीतसर स्वीकारलेत का, हे नोटिशीत लिहा. काही जुन्या संस्थांकडे अजून आधीचेच उपविधी आहेत. सभेत कुणीतरी ती प्रत मागणारच.

मिरजेचा_बंडू

हिशेबनीससाहेब, आमचं नेमकं हेच झालंय की ओ! आमची बिल्डिंग मिरजेत, डीड ऑफ डिक्लरेशनवाली. चेअरमन सगळ्यांकडून सारखे १,५०० घेतात. माझा वन आरके, हिस्सा २.६ टक्के. वरच्या पेंटहाऊसवाल्याचा ७ टक्क्यांच्या वर, तोपण १,५००. मी बोललो तर म्हणतात "सगळे सारखे, लोकशाही आहे." आता काय करू?

हिशेबनीस

बंडू, तुमच्याकडे हिस्सा घोषणापत्रात छापलेला आहे आणि तुमच्या डीड ऑफ अपार्टमेंटमध्येही असेल. महिन्याचा सगळा खर्च काढा आणि त्याचे २.६ टक्के करा. समजा महिन्याला ५०,००० खर्च असेल तर तुमचे १,३०० होतात. हा एका ओळीचा हिशेब लेखी अर्ज करून द्या आणि पोच घ्या. तोंडी भांडणात लोकशाहीच जिंकते.

रोखठोक

बरं, सोसायटी-अपार्टमेंटचं पटलं. पण मग दुरुस्ती निधी चुकलाय हे तरी मान्य करा. पाऊण टक्का म्हणता, तर माझ्या फ्लॅटचं ॲग्रीमेंट २२ लाखांचं आहे. त्याचा पाऊण टक्का म्हणजे वर्षाला १६,५००, महिन्याला १,३७५ फक्त दुरुस्तीला! यांनी ५२५ कुठून आणले?

विश्रामबागकर

२२ लाखांत जागेची किंमत, बिल्डरचा नफा आणि सगळं आलं की. निधी धरायचा तो बांधकामाच्या खर्चावर, जमिनीचा वाटा वगळून. आमच्याकडे आर्किटेक्टचा जुना दाखला मिळाला, त्यात चौरस फुटाला १,००० आहे. ८४० फुटांचे ८ लाख ४० हजार, त्याचा पाऊण टक्का ६,३०० वर्षाला, भागिले बारा ५२५.

हिशेबनीस

अगदी बरोबर. आणि हे किमान आहे. सभेला वाटलं तर दुरुस्ती निधी जास्तही ठेवता येतो, कमी नाही. "आमच्या सभेने ठराव करून शून्य केला" असं सांगणाऱ्या संस्था मी पाहिल्या आहेत. ऑडिटच्या शेऱ्यात तो मुद्दा दरवर्षी येतो आणि दरवर्षी पुढं ढकलला जातो.

अभय_सातारा

या दोन निधींतला फरक नोटिशीत नीट आलेला नाही असं वाटतं. आमच्या साताऱ्याच्या सोसायटीत सिंकिंग फंडातून गेटचं रंगकाम केलं होतं, त्यावरून दोन वर्षं कुणी कुणाशी बोलत नव्हतं.

हिशेबनीस

रंगकाम दुरुस्ती निधीतून व्हायला हवं होतं. गच्चीचं वॉटरप्रूफिंग, ड्रेनेजचे पाइप, मोटार भरून घेणे, रंग, ही नेहमीची दुरुस्ती. सिंकिंग फंड हा इमारत म्हातारी झाल्यावरचा पैसा. कॉलम-बीमची मोठी दुरुस्ती, पुनर्बांधणी वगैरेसाठी. त्याला हात लावायचा तर सर्वसाधारण सभेचा ठराव हवा, समितीच्या मनावर नाही. तोवर तो बँकेत मुदत ठेवीत वेगळा ठेवायचा, चालू खात्यात मिसळायचा नाही. मिसळला की तो कधी वीजबिलात गेला ते कळतही नाही.

इमारत पंधरा वर्षांची झाली की दर पाच वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट करायचं असतं, तीस वर्षांच्या पुढे दर तीन वर्षांनी. त्या इंजिनिअरची फी कुठून देणार, हाही प्रश्न सभेत काढा.

गावभाग_४११

सांगलीत राहून पुराचं कुणी काढलं नाही म्हणून लिहितो. आम्ही गावभागात. २०१९ ला कृष्णा आयर्विन पुलापाशी ५७ फुटांच्या वर गेली होती, धोक्याची पातळी ४५ ची. आमच्या पार्किंगमध्ये गळ्याएवढं पाणी. त्याआधी आमच्याकडे दुरुस्ती निधी नव्हताच, तुमच्यासारखाच रोजचा खर्च भागेल एवढा मेंटेनन्स.

पाणी उतरल्यावर पहिलं काम जमिनीखालच्या टाकीचं. झाकणातून पुराचं पाणी आत गेलेलं. गाळ उपसून, ब्लीचिंगने दोनदा धुवून, पाणी तपासल्याशिवाय वर चढवता येत नव्हतं. मोटार भरून घ्यावी लागली. मीटरच्या खोलीतला चिखल वेगळाच, महावितरणची माणसं येऊन बघेपर्यंत लाईट नाही. लिफ्टचं मशीन वर होतं म्हणून ते वाचलं, पण खालच्या खड्ड्यात दहा-बारा दिवस पाणी राहिलं. स्प्रिंगा, गव्हर्नरच्या दोराचं खालचं वजन, स्विच, सगळं गंजलं. करारात "पुराने झालेलं नुकसान नाही" हे बारीक अक्षरात होतं, ते तेव्हा वाचलं.

मग घराघरात फिरून वर्गणी. ज्यांचं घर वरच्या मजल्यावर ते म्हणाले आमच्या घरात पाणी कुठं आलं? जे भाडेकरू ठेवून पुण्यात राहतात त्यांचे फोनच लागेनात. खरं भांडण पुरानं नाही झालं, वर्गणीनं झालं.

तेव्हापासून पाणी ४० फुटांवर गेलं की वॉचमन लिफ्ट वरच्या मजल्यावर नेतो, दार बंद करतो आणि मेन स्विच पाडतो. एवढ्या एका कामानं २०२१ ला केबिन कोरडी राहिली.

आणि विम्याच्या पॉलिसीत पूर धरलाय का ते पान उघडून बघा. हप्ता कमी करायला कुणीतरी तो भाग वगळलेला असू शकतो.

सुलभाकाकू

अगंबाई! आमच्याकडं लिफ्ट तळालाच उभी असते नेहमी. आजच वॉचमनला सांगते.

विश्रामबागकर

गावभागवाले, धन्यवाद. पॉलिसी काढून बघितली, पूर-वादळ धरलेलं आहे. पण विमा फक्त इमारतीचा आहे, मोटार आणि लिफ्टचं यंत्र त्यात स्पष्ट लिहिलेलं दिसत नाही. एजंटला लेखी विचारतो.

आमच्या गच्चीचं उदाहरण देतो म्हणजे निधीचा उपयोग लोकांना दिसेल. तिसऱ्या पावसाळ्यापासून चौथ्या मजल्यावरच्या दोन घरांत छताला ओल येतेय. वॉटरप्रूफिंगचं कोटेशन आलंय २ लाख ७० हजारांचं. आज निधी नाही, म्हणजे फ्लॅटमागे एकदम ११,२५० मागावे लागतील. नवीन दराने दुरुस्ती निधी वर्षाला १ लाख २७ हजार ४४० जमतो. म्हणजे दोन वर्षांचा निधी जवळजवळ या एकाच कामाला लागतो. हे वाचून "फार घेताय" म्हणणारे जरा थांबतील असं वाटतं.

रोखठोक

थांबतील कसले. "चौथ्या मजल्यावरच्यांनी आपली गच्ची आपण करावी" म्हणतील.

हिशेबनीस

म्हणणारच. गच्ची सगळ्यांची असते, चौथ्या मजल्यावरच्यांची नसते. तिथं ओल मुरली की स्लॅबमधल्या सळया गंजतात आणि कालांतराने काँक्रीटचे पापुद्रे सुटतात, तेव्हा खर्च काही पट होतो. ओलीचा पिवळा डाग असेल तोवर वॉटरप्रूफिंग पुरतं. तपकिरी रेघ आणि बारीक उभी-आडवी तडा दिसायला लागली की आधी इंजिनिअर बोलवा. वरून नुसता केमिकलचा थर दिला तर डाग झाकतो, गंज आत चालूच राहतो.

वायरमन_कुपवाड

कॉमन मीटरचं ४,८०० जास्त वाटतंय राव. मोटार किती एचपीची? आणि लाईट बिलावर टॅरिफ काय लिहिलंय?

विश्रामबागकर

मोटार ३ एचपी, दिवसाला साधारण चार तास चालते. टॅरिफ बघितलं नव्हतं, आता बिल काढून बघितलं, रेसिडेन्शियलच आहे.

वायरमन_कुपवाड

मग बरं. कैक बिल्डिंगांत बिल्डरनं बांधकामासाठी घेतलेलं टेंपररी मीटरच वर्षानुवर्षं चालू असतं, त्याचा दर लई जास्त. पुढं कुणी बघत नाही.

तुमच्या मोटारीला दिवसाला साडेनऊ-दहा युनिट लागत असतील, म्हणजे महिन्याला २८०-३०० युनिट नुसती मोटार. फ्लोट स्विच बसवलाय का? वरची टाकी भरून पाणी गच्चीवरून वाहत असेल तर रोज अर्धा तास जास्त चालली तरी महिन्याला ३५ च्या आसपास युनिट जातात. घरगुती दर स्लॅबनं चढतो, तेव्हा ती ३५ युनिटं सगळ्यात वरच्या दरानं पडतात, खालच्या नाही. आणि तेच सांडलेलं पाणी तुमच्या गच्चीत मुरतंय. सकाळी वर जाऊन ओव्हरफ्लोच्या पाइपखाली हिरवं शेवाळ हाय का बघा. असेल तर रोज वाहतंय असं समजा.

विश्रामबागकर

शेवाळ आहे. आत्ता वर जाऊन आलो.

परगावी_मालक

मी नोकरीनिमित्त ठाण्यात असतो, सांगलीतला फ्लॅट भाड्यानं दिलाय. सोसायटी माझ्याकडून मेंटेनन्सशिवाय महिना ५०० "भाडेकरू चार्ज" घेते. तुमच्या नोटिशीत हा चार्ज दिसला नाही, तो नसतोच का?

हिशेबनीस

असतो, पण एवढा नसतो. बिनभोगवटा शुल्क म्हणतात त्याला. मर्यादा सेवा खर्चाच्या १० टक्के, १ ऑगस्ट २००१ च्या शासन निर्णयापासून. इथं सेवा खर्च ९०० आहे, तर ९० रुपये. लिफ्ट, पाणी, निधी यांच्यावर दहा टक्के काढायचे नाहीत, एकूण बिलावर तर नाहीच. तुमच्या सोसायटीचा सेवा खर्च वेगळा मागून घ्या. ५०० बरोबर यायचे तर तो ५,००० असायला हवा, सांगलीत तो असेल असं वाटत नाही.

विश्रामबागकर, हा ९० चा उल्लेख नोटिशीत टाका. तुमच्याकडेही भाडेकरू असतीलच.

विश्रामबागकर

पाच आहेत. आजवर काहीच घेत नव्हतो. टाकतो.

थकबाकीचं काय लिहू? दोघांचे वर्षभराचे पैसे बाकी आहेत.

हिशेबनीस

व्याज उपविधींत आहे तेवढंच, सरळव्याजाने जास्तीत जास्त २१ टक्के. चक्रवाढ लावू नका. नावं बोर्डावर न लावता आधी लेखी मागणी द्या. तरी नाही दिले तर कलम १५४ब-२९ खाली उपनिबंधकांकडे वसुली दाखल्याचा अर्ज करता येतो, पण त्याला बिलांच्या प्रती, ठराव आणि खातेउतारा सगळं जुळलेलं लागतं. नुसती व्हॉट्सॅपवरची आठवण तिथं चालत नाही. पाणी मात्र तोडू नका, तो रस्ता उलटा फिरतो.

पेठेतला_दुकानदार

माझा प्रश्न जरा वेगळा आहे. आमच्या बिल्डिंगला खाली रस्त्याकडं तोंड करून चार दुकानं आहेत, त्यातलं एक माझं. शटर रस्त्यावर उघडतं, लिफ्टकडं जायला आतून दार नाही. जिना झाडणारी बाई माझ्यासमोर येत नाही. नळ एकच. तरी मला लिफ्टचे पैसे लावलेत. वरची उपविधी मला लागू कशी?

रोखठोक

त्या उपविधीत "इमारतीतले सर्व सभासद" म्हणलंय ना, मग तुम्ही आलातच. मी सध्या नियमाच्या बाजूचा झालोय.

हिशेबनीस

शब्दशः वाचलं तर रोखठोक बरोबर. पण मी असे दुकानदार पाहिलेत ज्यांना सभेने ठराव करून लिफ्टमधून सूट दिली आणि त्याबदल्यात दर्शनी भागाच्या रंगात जास्त वाटा घेतला. ठराव एकमताने झाला तोवर कुणी हरकत घेतली नाही. पुढं एखाद्याने आव्हान दिलं तर सूट टिकेल, असं मी म्हणणार नाही. पाण्याचं मात्र सोपं आहे, एक नळ तर एका नळाचे पैसे.

पेठेतला_दुकानदार

म्हणजे सभासद बरे वागले तर सूट, नाहीतर नाही. बघतो.

मिरजेचा_बंडू

नळावरून आठवलं. वॉशिंग मशीनचा नळ, आरओचा नळ हे धरायचे का? आणि एखाद्यानं बाथरूमचा एक नळ डमी बसवून बंद केला तर त्याचे २० रुपये वाचतात का?

वायरमन_कुपवाड

वीस रुपयांसाठी प्लंबरला तीनशे देणार का भावा?

हिशेबनीस

मूळ बांधकामात जेवढी जोडणी दिली तेवढी धरतात बहुतेक संस्था. आरओ हा त्याच स्वयंपाकघरातल्या नळाला टी लावून घेतलेला असतो, तो मी वेगळा मोजला नसता. नव्याने भिंत फोडून घेतलेली जोडणी मात्र मोजावी असं माझं मत. याच्यावर प्रत्येक सोसायटीत वेगळं चालतं.

विश्रामबागकर

नोटीस सुधारून टाकतोय. बदल असे: उपविधींचा उल्लेख, दोन निधी कशाकशाला वापरायचे ते, भाड्याने दिलेल्या फ्लॅटला ९० रुपये, गच्चीच्या कोटेशनचा आकडा आणि लिफ्ट वर नेऊन ठेवण्याची सूचना. फ्लोट स्विच या आठवड्यात बसवून घेतो. कॉमन बिल किती उतरतं ते बघून सेवा खर्च पुढच्या वर्षी कमी करायचा की नाही, ते सभेत ठेवीन. आत्ता ९०० च राहू देतो.

नळ कसे मोजायचे हे मात्र सभेवरच सोडतो. सभेची नोटीस चौदा दिवस आधी द्यायची असते, ती उद्या निघेल.

सुलभाकाकू

लिफ्टचं मी सभेत बोलणारच हो. पैसे देईन, पण बोलणार.